चिकटवलेल्या रेलवर क्रॉसबार: परभणीहून तुळजापूरला निघालेल्या एका गाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

परभणीतल्या एका कुटुंबाला एप्रिलमध्ये गोंधळासाठी तुळजापूरला जायचे होते. माणसे पाच, मुक्काम दोन रात्रींचा, आणि स्वयंपाक तिथेच करायचा. गाडी पाच आसनी छोटी एसयूव्ही, चार वर्षे वापरलेली. डिकीत पातेली ठेवली की वाकळा आणि सतरंज्यांना जागा उरत नव्हती, म्हणून छतावर कॅरियर बसवायचे ठरले.

गाडीच्या छतावर दोन्ही बाजूंना चांदीच्या रंगाच्या लांब रेल होत्या. त्यांच्यावर आडव्या दांड्या, म्हणजे क्रॉसबार, टाकल्या आणि वर लोखंडी टोपली बसवली की काम झाले, असा साधा हिशेब होता. ॲक्सेसरीच्या एका दुकानात 'सगळ्या गाड्यांना बसतो' असा क्रॉसबारचा संच मिळाला. खोक्यावर ७५ किलो छापलेले होते. दुकानातल्या फिटरने वीस मिनिटांत दोन्ही दांड्या आणि टोपली बसवून दिली, आणि मालकांनी तो ७५ चा आकडा डोक्यात ठेवून सामानाची यादी केली: भरलेला घरगुती सिलिंडर, पातेली-पराती, वाकळा आणि सतरंज्या.

अडचण कुठे दिसली

प्रवासाला आठ दिवस होते. टोपली रिकामी असतानाच गतिरोधकावर मागून टकटक आवाज यायला लागला. मालक परत दुकानात गेले. फिटर म्हणाला, "काही नाही सर, नट जरा ढिला असेल, आवळून देतो." त्याने लांब पान्याने चारही क्लॅम्प आणखी आवळले. आवाज एक दिवस थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

मग दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथे आधी पाना हातात घेतला नाही. दांडी दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे जोरात ढकलली. ही तपासणी अगदी साधी आहे, पण तिच्यातून बरेच कळते. बसवणी पक्की असेल तर दांडीबरोबर सगळी गाडी स्प्रिंगांवर डुलते. दांडी हलते आणि गाडी जागेवर राहते, तेव्हा मधला कुठला तरी जोड सुटलेला असतो. इथे दांडी रेलवर घट्ट होती, पण डाव्या बाजूची रेलच छतावरून उचलली जात होती. मागच्या टोकाला रेल आणि पत्रा यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट दिसली, आणि त्या फटीत काळा फोमचा चिकटपट्टा ताणला गेलेला होता.

म्हणजे रेल कंपनीतून आलेली नव्हती. गाडी नवी घेताना शोभेसाठी बाहेरून बसवून घेतलेली होती, आणि छताला ती केवळ दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने धरलेली होती. याच मॉडेलच्या महागड्या प्रकारात खरी रेल येते, दिसायला जवळजवळ सारखीच. म्हणून लांबून कोणालाच फरक कळला नव्हता. जवळून मात्र तो ओळखता येतो. खऱ्या रेलच्या टोकाचे किंवा मधल्या पायाचे प्लॅस्टिकचे टोपण काढले की खाली छताच्या सांगाड्यात गेलेला बोल्ट दिसतो. शोभेच्या रेलला टोपणाखाली काहीच नसते. बोटाने ठोकले तर ती पोकळ आणि हलकी वाजते. काही गाड्यांना तर कंपनीच शोभेची रेल देते, आणि माहितीपुस्तिकेत त्या रेलवर भार टाकू नये असे लिहिलेले असते. त्यामुळे रेल कंपनीची आहे एवढ्याने प्रश्न मिटत नाही.

टेपचे बळ कुठे असते आणि कुठे नसते, हे इथे समजून घ्यायला हवे. टेपने चिकटवलेली वस्तू पृष्ठभागालगत सरळ सरकवू पाहिली तर ती सहज सरकत नाही, कारण पूर्ण पट्टा एकाच वेळी विरोध करतो. पण एका टोकाकडून उचलली तर सगळा जोर त्या टोकाच्या अरुंद रेषेवर येतो आणि टेप इंच-इंच सुटत जातो, डब्यावरचे लेबल कोपऱ्यातून सोलावे तसा. क्रॉसबारवरची टोपली वाऱ्याने आणि खड्ड्यांनी नेमकी अशीच वर उचलली जाते. त्यात उन्हात उभ्या गाडीचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो आणि चिकट थर मऊ पडतो. दुसऱ्या वेळी क्लॅम्प जास्त आवळल्याने काहीही सुधारले नव्हते. दांडी आणि रेल यांचा जोड आधीच ठीक होता, आणि सुटत होता तो त्याखालचा जोड.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांत स्वस्त होता: रेलमधून पत्र्यात भोके पाडून बोल्ट टाकणे. तो तिथेच सोडला. छताचा पत्रा पातळ असतो आणि मागे मजबुतीची पट्टी नसेल तर बोल्टभोवती तो वाकतो. भोकाच्या कडेला रंग उडून गंज धरतो, आणि पावसाळ्यात पाणी आतल्या छताच्या कापडात उतरते. वेल्डिंगवाल्याकडून चौकट करून पत्र्यावर ठेवायची कल्पनाही याच कारणांनी बाजूला पडली.

दुसरा पर्याय म्हणजे कॅरियरचा नाद सोडून जास्तीचे सामान आधीच एसटीने किंवा ओळखीच्या जीपने पाठवणे. हा पर्याय शेवटपर्यंत हाताशी ठेवला होता, आणि खरे तर त्यात चूक काही नव्हती.

तिसरा, आणि निवडलेला पर्याय असा: शोभेच्या रेल काढायच्या आणि दाराच्या चौकटीला धरणारे क्लॅम्प असलेले क्रॉसबार बसवायचे. यात दांडीचा पाया रबरी गादीवर, छताच्या कडेला, म्हणजे जिथे खाली सांगाडा आहे तिथे टेकतो. पोलादी आकडा दार उघडल्यावर दिसणाऱ्या चौकटीच्या कडेत अडकतो. बोल्ट आवळला की आकडा आणि गादी एकमेकांकडे ओढले जाऊन चौकट पकडतात. पण आकड्याचा आणि गादीचा आकार गाडीच्या मॉडेलनुसार ठरलेला असतो, त्यामुळे इथे 'सगळ्यांना बसणारा' संच चालत नाही. दांड्या आणि पाये कोणत्याही गाडीला सारखे असू शकतात, मात्र गाद्या आणि आकड्यांचा जोडसंच त्या मॉडेलचाच लागतो. तो चार दिवसांत छत्रपती संभाजीनगरहून मागवता आला.

भाराचा हिशेब

मालकांच्या डोक्यातला ७५ चा आकडा जुन्या दांड्यांचा होता, गाडीचा नव्हता. छतावर किती ठेवता येईल हे तीन आकड्यांतल्या सर्वांत लहान आकड्यावर ठरते: गाडीच्या माहितीपुस्तिकेतली छताची मर्यादा, दांड्यांची मर्यादा आणि वरच्या टोपलीची मर्यादा. या गाडीचे पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, वेष्टनातच होते. त्यात छताला ५० किलो लिहिले होते. नव्या दांड्या ७५ च्या, टोपली ६० ची. म्हणजे मर्यादा ५०.

आणि या ५० मध्ये दांड्या आणि टोपलीचे स्वतःचे वजनही धरायचे असते. हे बहुतेक जण विसरतात. दांड्या पायांसकट ५.५ किलो भरल्या आणि लोखंडी टोपली १२ किलो. सामान चढवण्याआधीच १७.५ किलो संपले होते.

ठरलेले सामान वजनकाट्यावर ठेवले तेव्हा सिलिंडर ३० किलो, पातेली-पराती १४ आणि वाकळा-सतरंज्या १८ भरल्या. एकूण ६२. दांड्या-टोपली धरून ७९.५ किलो, म्हणजे मर्यादेपेक्षा जवळजवळ ३० किलो जास्त. खोक्यावरच्या ७५ च्या भरवशावर हे सगळे चढवले गेले असते.

सिलिंडर आधी वगळला, आणि तो केवळ वजनासाठी नव्हे. एप्रिलच्या उन्हात छतावर सिलिंडर बांधून नेणे धोक्याचे, आणि माणसे बसलेल्या गाडीत आत ठेवणेही तसेच. तुळजापुरात शेगडीसह सिलिंडर भाड्याने घ्यायचा ठरला. पातेली जड म्हणून खाली डिकीत गेली. डिकीतल्या कपड्यांच्या ११ किलोच्या पिशव्या वर आल्या, आणि सगळे भरायला ३ किलोची जलरोधक मोठी बॅग घेतली. आता छतावरचे सामान बॅगेसह ३२ किलो झाले आणि टोपली-दांड्या धरून ४९.५. मर्यादेत बसले, तेही अर्ध्या किलोने.

इथे थांबायचा मोह झाला होता. पण गाडीचे एकूण वजनही मोजावे लागते. या गाडीचे रिकामे वजन ११६५ किलो आणि पूर्ण भरलेल्या गाडीचे मंजूर वजन १५८० किलो. म्हणजे माणसे आणि सामान मिळून ४१५ किलोपर्यंत मुभा. चालकासह पाच माणसे ३३० किलो, डिकी ४५ किलो, छत ४९.५ किलो. बेरीज ४२४.५. छताची मर्यादा पाळूनही गाडी साडेनऊ किलोने जास्त भरली होती.

निर्णयाची खरी जागा ही होती. कमी काय करायचे? माणूस कमी करता येत नव्हता. सतरंजी काढली तर मुक्कामाला त्रास. मग नजर टोपलीवर गेली. १२ किलोचे हे लोखंड ३२ किलोच्या मऊ सामानासाठी खरेच हवे होते का? मऊ बॅग दोन दांड्यांवर थेट पट्ट्यांनी बांधता येते. फक्त खाली न घसरणारी रबरी चटई घालावी, म्हणजे बॅग सरकत नाही आणि रंगही घासत नाही. टोपली काढली. छतावर ३७.५ किलो राहिले आणि एकूण ४१२.५. मालकांच्या मुलाने विचारले, "आता एवढ्याशा सामानासाठी कॅरियर कशाला?" प्रश्न रास्त होता. पण वाकळा आकाराने मोठ्या असतात, आणि डिकी त्यांनीच भरत होती.

बसवणी

जुन्या रेल काढताना हेअर ड्रायरने टेप कोमट केला आणि मासे धरायच्या नायलॉन दोरीने करवतीसारखे ओढत तो कापला. पान्याने किंवा पेचकसाने उचकटले असते तर पत्र्यावर पोच आला असता. उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. मग छत आणि दारांच्या चौकटी पाण्याने धुऊन कोरड्या केल्या. कोरड्या फडक्याने नुसते पुसणे पुरत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ गादीखाली दाबली गेली की प्रत्येक हादऱ्याबरोबर रंग खरवडते.

दांड्यांच्या जागा संचाबरोबरच्या कागदात दिलेल्या होत्या: पुढची दांडी समोरच्या काचेच्या वरच्या कडेपासून ३१० मिलिमीटरवर, आणि दोन दांड्यांमधले अंतर ७०० मिलिमीटर. छत मागे अरुंद होत जाते, त्यामुळे पुढचे आणि मागचे पाये वेगळे असतात आणि त्यांच्यावर क्रमांकाचे स्टिकर असते. पुढचे मागे बसवले तर आकडा चौकटीला पूर्ण टेकत नाही, आणि वरून ते कळतही नाही. मापे पेन्सिलने कागदी टेपवर, दोन्ही बाजूंना, खूण करून घेतली.

आवळण्यात एक चूक झाली. पहिल्या दांडीचा डावा पाया पूर्ण आवळून मग उजवा घेतला. डावीकडचा आकडा ओढला गेला तशी दांडी डावीकडे सरकली, सुमारे ८ मिलिमीटर. उजवीकडचा आकडा चौकटीच्या वळणावर तिरपा बसला. वरून सगळे ठीक दिसत होते. दार लावताना घासल्यासारखा आवाज आला, तेव्हा ते समजले. दोन्ही बाजू सोडून पुन्हा सुरुवात केली. या वेळी डावीकडे तीन-चार फेरे, मग उजवीकडे तेवढेच, असे आळीपाळीने, आणि मधूनमधून दोन्ही टोकांची लांबी मोजत. बाहेर आलेले टोक दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरच्या आत सारखे असले की पुरे.

संचाबरोबर आलेली चावी ठरलेल्या ताणाला खट्कन वाजणारी होती, ६ न्यूटन-मीटरची. हा ताण म्हणजे किती? १५ सेंटीमीटर दांड्याचा पाना टोकाला सुमारे ४ किलोच्या जोराने ओढावा तेवढा. बोटांनी पुरेल इतका कमी. पहिल्या दुकानात २५ सेंटीमीटरच्या पान्यावर फिटरने २० किलोचा जोर लावला असेल, तर तो आठपट झाला. दाराच्या चौकटीवर इतका ताण लावला की चौकटीची कड दबते, रबर फाटते, आणि कधी बोल्टचे आटे जातात. म्हणून चावी खट् वाजली की थांबायचे. 'एक झटका आणखी' द्यायचा नाही.

मग चारही ठिकाणी कागदाची पट्टी दाराच्या रबरात धरून दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. पट्टी सहज निघाली तर तिथे रबर दबत नाही, म्हणजे पाणी आणि वारा आत येणार. तीन ठिकाणी पट्टी अडली. मागच्या डाव्या बाजूला मात्र सहज निघाली, कारण आकड्याखाली रबराची कड दुमडली होती. ती सरळ करून पुन्हा आवळले आणि पाण्याची नळी पाच मिनिटे छतावर धरली. आत थेंब आला नाही.

शेवटी ढकलून पाहिले. या वेळी गाडी डुलली. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून पायापर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटते, आणि अंधारातही टॉर्च मारून एका नजरेत कळते.

बांधणी आणि रस्ता

बॅग दोन दांड्यांवर मध्यभागी ठेवली आणि चार पट्ट्यांनी बांधली. पट्ट्या रॅचेटच्या, म्हणजे दांडा मागे-पुढे करून आवळायच्या होत्या, पण त्या मुद्दामच हाताने ओढण्याइतक्याच आवळल्या. रॅचेटने दांडी वाकवता येते, आणि बॅग छताला टेकली तर पत्रा दबतो. प्रत्येक पट्टीला एक पीळ दिला, म्हणजे वाऱ्यात ती गुणगुणत नाही.

मऊ सामानाला वजनापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. ताशी ८० किलोमीटरला समोरून येणारा वारा दर चौरस मीटरला साधारण २५ ते ३० किलोइतका दाब देतो, १०० ला तो दीडपटीहून वर जातो. बॅगेच्या पुढच्या कडेखाली हवा शिरली की ती तिला उचलते. म्हणून पुढची कड दुमडून खाली बांधली आणि वेग ८० च्या वर न्यायचा नाही असे ठरले. छताची मर्यादा कमी असण्याचे कारणही इथेच आहे: ३७.५ किलो सामान जोराने ब्रेक मारल्यावर पुढे सुमारे ३० किलोच्या जोराने ढकलते, आणि तो जोर चार आकड्यांवर येतो. उभी गाडी कितीतरी जास्त वजन पेलते, पण तो आकडा चालत्या गाडीला लागू नसतो.

परभणीहून पहाटे निघून गंगाखेडला, साधारण ४० किलोमीटरवर, गोदावरीचा पूल ओलांडल्यावर पहिला थांबा घेतला. रेघा पाहिल्या तर चारही जशाच्या तशा. पण चावी लावली तेव्हा पुढचा उजवा आणि मागचा डावा बोल्ट पाव फेरा फिरल्यावर खट् वाजला. बोल्ट ढिला झाला नव्हता, गादीचे रबर दबून जागेवर बसले होते. रेघ हे दाखवू शकत नाही. म्हणून पहिल्या थांब्याला नुसते पाहून भागत नाही, चावी लावावी लागते. तिथेच नव्या रेघा ओढल्या.

पट्ट्या मात्र स्पष्ट ढिल्या पडल्या होत्या, दोन बोटे शिरतील एवढ्या. वाकळा हादऱ्यांनी दबतात. पट्ट्या पुन्हा ओढल्या. परळी सोडून बालाघाटाची चढण चढल्यावर अंबाजोगाईला दुसरी तपासणी केली: बोल्ट चारही जागच्या जागी, पट्ट्या किंचित ढिल्या. लातूर आणि औशाला फक्त पट्ट्या पाहिल्या.

परिणाम

गाडी पोहोचली, आवाज नाही, गळती नाही. मालकांनी दर लिटरमागे नेहमीच्या १७ ऐवजी १५ किलोमीटर मोजले, परतीलाही तेवढेच. तुळजापुरात एका धर्मशाळेच्या कमानीखाली गाडी घालताना बॅग थोडक्यात वाचली. दांड्या आणि बॅग धरून गाडीची उंची किती झाली हे मोजून चालकासमोर चिकटवायचे राहून गेले होते.

वेगळे काय करता आले असते

माहितीपुस्तिका खरेदीच्या आधी उघडली असती आणि सामान आधी वजनकाट्यावर ठेवले असते, तर टोपली विकतच घेतली नसती. पहिल्या दुकानात दांडी बसवल्यावर एकदा ढकलून पाहिले असते तर रेल त्याच दिवशी हलली असती. मागे आवाज आला तेव्हा नट आवळण्याआधी कुठला जोड हलतो हे शोधायला हवे होते. दांडी, रेल आणि छत असे तीन थर आहेत, आणि फिटरने पाहिला फक्त सर्वांत वरचा.

संच आणि वजनाचा हिशेब आठ दिवसांत बसला, कारण जोडसंच चार दिवसांत आला. तो आला नसता तर एसटीने सामान पाठवायचा पर्याय घेतला असता. चिकटवलेल्या रेलवर 'या वेळेपुरते' जाणे हा पर्याय नव्हताच.

परत आल्यावर दांड्या काढून ठेवल्या. गाद्यांखालचा रंग पाहिला तर तीन ठिकाणी स्वच्छ होता. पुढच्या उजव्या गादीखाली नखाएवढा मळकट चट्टा होता, आणि बोट फिरवल्यावर त्यात बारीक खर लागली. दांडी पुन्हा बसवताना सोडली-आवळली ती हीच बाजू, आणि दुसऱ्या वेळी गादी पुसायची राहून गेली होती.